गट-सादरीकरण: पाच जण बोलतात पण एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तुटतं. संहिता कशी लिहावी?

बर्डीची_मैना

नमस्कार मंडळी. मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. आमच्या पाच जणांच्या गटाला ‘सीताबर्डीची लढाई, १८१७’ हा विषय मिळाला आहे. वेळ पंधरा मिनिटं, मराठीत बोलायचं, आणि पाचही जणांनी बोललंच पाहिजे अशी अट आहे. विषय आमच्या मनाजोगा मिळाला. टेकडी गणपतीला जाताना ज्या टेकडीखालून आपण रोज जातो, तिथे काय घडलं ते वर्गाला नीट कळावं असं खूप वाटतं.

माहिती जमली आहे आणि भागही पाडले आहेत. पहिला भाग नागपूरची स्थापना आणि भोसले, दुसरा रघूजी दुसरे, तिसरा आप्पासाहेब, चौथा लढाई, पाचवा परिणाम. प्रत्येकाचा भाग वेगळा वाचला की छान वाटतो. सलग ऐकला की पाच निबंध एकामागून एक वाचल्यासारखं होतं. सध्या जोड अशा आहेत:

तिसरी: “अशा प्रकारे आप्पासाहेबांनी पेशव्यांची वस्त्रे स्वीकारली व इंग्रजांशी त्यांचे संबंध बिघडले. पुढील माहिती माझा मित्र सांगेल.”
चौथा: “धन्यवाद. नमस्कार, मी अमुक. सीताबर्डीची लढाई ही २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली. या लढाईची पार्श्वभूमी अशी की...”

आणि मग तो पार्श्वभूमी पुन्हा सांगतो, जी तिसरीने आत्ताच सांगितलेली असते. संहिता कशी लिहिली तर हे सुरळीत जाईल?

---

संत्रा_बर्फी

ताई, सूत्रसंचालनासाठी चारोळ्या फार उपयोगी पडतात. दर वक्त्याच्या आधी दोन ओळी म्हणायच्या, टाळ्या येतात, वातावरण तयार होतं. आमच्या कॉलनीच्या गणपतीत मीच निवेदन करतो. वीररसाच्या पन्नासेक चारोळ्या आहेत माझ्याकडे, पाठवू का?

---

बर्डीची_मैना

दादा, मनापासून आभार. पण आमच्यात वेगळा निवेदक नाही. पाचही जण वक्तेच आहेत, आणि एकाचं संपलं की दुसऱ्याने तिथूनच उचलायचं आहे. चारोळी मध्ये आली तर धागा आणखी तुटेल असं वाटतं.

---

महालकर_गुरुजी

बेटा, तुझ्या जोडीतली वाक्यं बदलून काम भागणार नाही. भाग जिथे पाडले आहेत तिथेच अडचण आहे. तुम्ही राजांप्रमाणे आणि घटनांप्रमाणे भाग पाडले. त्यामुळे प्रत्येक भाग आपापला सुरू होतो आणि आपापला संपतो. संपलेल्या गोष्टीनंतर पुढच्याला नव्याने सुरुवात करावीच लागते, म्हणून तो ‘नमस्कार’ म्हणतो आणि पार्श्वभूमी सांगतो. त्याचा इलाज नाही.

भाग प्रश्नांप्रमाणे पाडा. ऐकणाऱ्याच्या मनात जिथे ‘मग?’ किंवा ‘असं का?’ उठतं, तिथे एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने उत्तरापासून बोलायला लागायचं. तुमच्या विषयात असे चार प्रश्न आयते आहेत.

पहिला वक्ता सांगेल की १७०२ मध्ये देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, हे शहर वसवलं. चांद सुलतानाने त्याला तट बांधला. त्याच्या मृत्यूनंतर घरात तंटा झाला, राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं आणि १७४३ पर्यंत सत्ता रघूजींच्या हाती आली. १७५१ ला तर बंगालच्या नवाबाने त्यांना ओडिशा सोडून दिला आणि वर्षाला बारा लाख चौथ कबूल केली. इथे थांबा आणि विचारा: एवढ्या ताकदवान राज्याच्या राजधानीला लागून १८१७ मध्ये इंग्रजांचा रेसिडेंट फौज घेऊन कसा बसला होता?

दुसऱ्याचं पहिलं वाक्य हेच उत्तर. “१८०३ मुळे.” मग असई, अडगाव, गाविलगड आणि १७ डिसेंबर १८०३ चा देवगावचा तह. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, दरबारात रेसिडेंट आला. तरीही एक गोष्ट रघूजी दुसऱ्यांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही: इंग्रजांची तैनाती फौज. २२ मार्च १८१६ ला ते वारले. प्रश्न असा ठेवा: जी फौज त्यांनी बारा वर्षं दारात येऊ दिली नाही, ती त्यांच्यामागे दोन-सव्वादोन महिन्यांत कुणी आणि का स्वीकारली?

तिसरीचं उत्तर: आप्पासाहेबांनी, मे १८१६ मध्ये, कारण गादीवर आलेले रघूजी दुसऱ्यांचे चिरंजीव परसोजी राज्य चालवायला असमर्थ होते आणि दरबारात त्यांचे चुलतभाऊ आप्पासाहेब यांना विरोध होता. त्यांना आधार हवा होता.

तिसरी ते चौथा आणि चौथा ते पाचवा हे दोन सांधे अवघड आहेत. त्यावर रात्री लिहितो, आत्ता नातवाला शिकवणीला सोडायचं आहे.

---

धरमपेठ_कट्टा

गुरुजींचं बरोबर आहे, पण मी म्हणतो एवढं कशाला ताणायचं? लढाई बर्डीच्या किल्ल्यावर झाली, भोसल्यांनी किल्ल्यावर हल्ला केला, हरले आणि त्या दिवशी नागपूर इंग्रजांचं झालं. चौथ्याने एवढं सांगितलं की झालं. पाचव्याला वर्तमानाचं द्या: झिरो माईल, किल्ल्याची आजची अवस्था वगैरे. लोकांना तेच आवडतं. मात्र एक गोष्ट नक्की करा: पाचही जणांची नावं पहिल्यानेच सांगून टाकायची. नंतर कुणी ‘मी अमुक’ म्हणायचं नाही.

---

महालकर_गुरुजी

नावांचं पटलं, तसंच करा. बाकीच्या दोन गोष्टी दुरुस्त कराव्या लागतील, नाहीतर संहितेतच चूक जाईल.

लढाईच्या वेळी तिथे किल्ला नव्हता. शहर पूर्वेला, रेसिडेन्सी पश्चिमेला, आणि मध्ये उत्तर-दक्षिण असा एक उंचवटा, ज्याच्या दोन टोकांना दोन टेकड्या. उत्तरेची लहान, दुसरी मोठी. इंग्रजांची फौज त्या टेकड्यांवर उभी होती. आज आपण पाहतो तो किल्ला त्यांनी लढाईनंतर बांधला. म्हणून चौथ्याच्या तोंडी ‘किल्ला’ हा शब्द एकदाही येऊ देऊ नका. तो शब्द पाचव्यासाठी राखून ठेवा.

आणि २७ नोव्हेंबरला नागपूर पडलं नाही. टेकड्या इंग्रजांकडे राहिल्या एवढंच. इंग्रजांचा जनरल डव्हटन डिसेंबरात मोठी फौज घेऊन आला, १६ डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले, त्याच दिवशी सक्करदऱ्याकडे लढाई झाली. तरीही भोसल्यांच्या फौजेतल्या अरब शिपायांनी शहराच्या तटाआडून झुंज चालू ठेवली. जुम्मा दरवाज्यावरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि महिनाअखेरीस अटी ठरवूनच ते बाहेर पडले. राज्य खालसा झालं ते १८५४ मध्ये, लढाईनंतर सदतीस वर्षांनी.

---

धरमपेठ_कट्टा

किल्ला नंतरचा हे खरंच माहीत नव्हतं. लहानपणापासून ‘किल्ल्याची लढाई’ असंच ऐकत आलो. धन्यवाद गुरुजी.

---

पडदा_वर

मी हौशी रंगभूमीवर काम करतो, एकांकिका बसवतो. इतिहासातलं गुरुजी सांगतीलच, मी हातापायाचं सांगतो, कारण तुटतं ते बरंचसं तिथे.

तुमचा चौथा वक्ता खुर्चीत बसलेला असतो. तिसरी म्हणते ‘पुढील माहिती अमुक सांगेल’. मग तो उठतो, खुर्ची सरकते, चार पावलं चालतो, माईक घेतो, फुंकर मारून बघतो, कागद उलगडतो. या दहा-बारा सेकंदांत तिसरीने निर्माण केलेला ताण संपलेला असतो. मग कितीही चांगलं वाक्य लिहा, ते थंड सभेत पडतं.

यावर उपाय संहितेतच लिहून ठेवायचा. प्रत्येक भागाच्या शेवटून तिसऱ्या वाक्याच्या समासात खूण करा: ‘पुढचा उठतो’. म्हणजे तिसरी अजून बोलत असतानाच चौथा उठून तिच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे येऊन उभा राहतो. तिने प्रश्न टाकला, एक श्वास, याने उत्तर दिलं. माईक हातातला असेल तर तिने प्रश्नाचा शेवटचा शब्द संपवून मगच द्यायचा. बोलता बोलता माईक पुढे केला की नेमका प्रश्नच ऐकू येत नाही. उभ्या दांडीचा माईक मिळाला तर उत्तम, फक्त उंची सगळ्यांना चालेल अशी आधीच लावा.

पडद्यावरचं चित्रही तसंच. चौथ्याची पहिली स्लाइड, म्हणजे दोन टेकड्यांचा नकाशा, तिसरीच्या शेवटच्या वाक्यावर यायला हवी, त्याने बोलायला सुरुवात केल्यावर नव्हे. बटण बोलणाऱ्याच्या हाती देऊ नका. ज्याचा भाग नुकताच झाला आहे त्याने पुढच्या भागाच्या स्लाइड बदलायच्या. त्याला आता दुसरं काम नसतं आणि तो सावध असतो. पहिल्या भागासाठी पाचव्याने बदलाव्यात.

---

बर्डीची_मैना

हे फार कामाचं आहे. आमच्याकडे आत्तापर्यंत सगळ्यांच्या स्लाइड एकच मुलगा बदलतो आणि स्वतः बोलायला गेला की लॅपटॉपजवळ कुणीच नसतं.

एक शंका आहे. प्रश्नाने संपवायचं तर प्रत्येक वेळी ‘का?’ ‘कसं?’ असंच येईल. चार वेळा तेच ऐकून कंटाळवाणं नाही होणार?

---

महालकर_गुरुजी

होईल. म्हणून चारही सांधे प्रश्नचिन्हाने संपवू नका. प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उठला म्हणजे झालं, तो उच्चारायलाच हवा असं नाही. तिसरी ते चौथा हा सांधा घेऊन दाखवतो.

आधी त्या सांध्यावर काय घडतंय ते पाहा. ५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याजवळ खडकीला पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. म्हणजे दुसरे बाजीराव आता इंग्रजांचे उघड शत्रू. त्यांनी आप्पासाहेबांना वस्त्रं आणि सेनापतिपद पाठवलं. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी ती वस्त्रं जाहीरपणे स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सने दुसऱ्याच दिवशी तेलंगखेडीच्या छावणीतली फौज टेकड्यांवर आणली. २६ ला संध्याकाळी गोळीबार सुरू झाला.

आता तुझी ओळ बघ: ‘संबंध बिघडले’. हा निष्कर्ष झाला. निष्कर्षावर माणूस मान डोलावतो आणि थांबतो. त्याऐवजी शेवट कृतीवर करा:

तिसरी: “२४ नोव्हेंबर. भर दरबारात आप्पासाहेबांनी पेशव्यांची वस्त्रं अंगावर घेतली. पेशवे तेव्हा इंग्रजांशी उघड लढत होते. जेन्किन्सला आणखी पुरावा नको होता. दुसऱ्याच दिवशी त्याने तेलंगखेडीची छावणी हलवली आणि सगळी फौज एका जागी आणली.”

चौथा: “ती जागा म्हणजे या दोन टेकड्या. ही मोठी, ही लहान. इकडे शहर, इकडे रेसिडेन्सी. लहान टेकडी मोठीच्या बंदुकीच्या टप्प्यात होती, आणि पुढच्या अठरा तासांत जे घडलं ते या एका गोष्टीमुळे घडलं.”

तिसरी ‘जागा’वर संपली, चौथ्याने ‘ती जागा’ म्हणून उचललं. नमस्कार नाही, धन्यवाद नाही, तारीख पुन्हा नाही. आणि त्याला पार्श्वभूमी सांगायची गरजच उरली नाही, कारण त्याचं पहिलं वाक्यच घटनेच्या आत आहे.

कामाची एक युक्ती सांगतो. तिसरीची शेवटची दोन वाक्यं तिसरीने लिहू नयेत, चौथ्याने लिहून तिला द्यावीत. त्याला कुठून सुरुवात करायची आहे हे त्यालाच ठाऊक असतं. तिने ती आपल्या बोलण्यात बसवून घ्यावीत. पाचही जणांनी आपल्या आधीच्याचा शेवट लिहायचा. शाळेत मुलांकडून असंच करून घ्यायचो. त्यामुळे प्रत्येकाला शेजाऱ्याचा भाग वाचावाच लागतो.

---

मिहान_वाला

माझा अनुभव कंपनीतला आहे, इतिहासातला नाही. आमच्या टीमचं ग्राहकासमोर सादरीकरण होतं, चौघं बोलणार होतो. माझ्या आधीच्याने एक आकडा सांगितला, माझ्या स्लाइडवर त्याच गोष्टीचा दुसरा आकडा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते, एकात कर धरला होता, दुसऱ्यात नव्हता. पण समोरच्याने तिथेच थांबवलं आणि पुढची दहा मिनिटं त्यावरच गेली. माझा भाग झालाच नाही. तेव्हापासून आम्ही एका कागदावर सगळे आकडे लिहून घेतो आणि सगळे त्याच कागदावरून बोलतो. तुमच्याकडे असे आकडे असतील तर बघा.

---

महालकर_गुरुजी

तुमचा मुद्दा इथे तंतोतंत लागू होतो. आकड्यांपेक्षा जास्त नावांना लागू होतो. भोसल्यांत रघूजी तीन. पहिले राज्य उभारणारे, दुसरे १८०३ चे, तिसरे १८१८ ला गादीवर बसवलेले. मुधोजीही दोन. आप्पासाहेबांचं नाव मुधोजीच, आणि रघूजी दुसऱ्यांच्या वडिलांचं नावही मुधोजी. एकाने ‘मुधोजी’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘आप्पासाहेब’, तर वर्गातल्या निम्म्या मुलांना ते दोन वेगळे राजे वाटतील आणि सांधा कितीही गुळगुळीत केला तरी धागा तुटेल.

एका कागदावर ठरवा. ‘आप्पासाहेब’ हेच नाव सगळीकडे. ‘मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब’ एकदाच, तिसरीच्या पहिल्या मिनिटात. जुन्या मुधोजींना या पंधरा मिनिटांत आणूच नका, त्यांची गरज नाही. रघूजींना कायम ‘पहिले’, ‘दुसरे’, ‘तिसरे’ लावून म्हणा, नुसतं ‘रघूजी’ नको. जागेचं ‘सीताबर्डी’ की ‘सीताबुल्डी’ हेही एकच ठरवा. फौजेचे आकडे पुस्तकापुस्तकांत वेगळे सापडतील, तेव्हा ‘रेसिडेन्सीकडे दीड हजाराच्या आत, भोसल्यांकडे त्याच्या दहापट किंवा जास्त’ एवढं पुरे. बारीक आकडा एकाने सांगितला की दुसऱ्याला तोच पाठ करावा लागतो.

---

वऱ्हाडी_ठेचा

मी अकोल्याचा. अडगावची लढाई आमच्याकडची, तिचं नाव आल्याबद्दल बरं वाटलं. पण एक विचारतो. परसोजींचा मृत्यू संहितेत कसा घेणार? १ फेब्रुवारी १८१७ ला ते बिछान्यात मृत सापडले. आप्पासाहेबांनी मारवलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तिसऱ्या भागात ते सरळ सांगून टाका, नाट्यमय होईल.

---

महालकर_गुरुजी

सरळ सांगू नये असं माझं मत आहे. त्या वेळी आप्पासाहेब चांद्याला गेलेले होते. इंग्रजांनी तेव्हा त्यांना राजा म्हणून मान्यता दिली. खुनाचा आरोप जोरात पुढे आला तो १८१८ मध्ये, त्यांना पदावरून काढताना. आरोप खोटा असं मी म्हणत नाही. पण आरोप कुणी, केव्हा ठेवला हे सांगितल्याशिवाय ‘मारवलं’ म्हणणं योग्य नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

पण गुरुजी, दूर असणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे. हुकूम देऊन माणूस गावाबाहेर जातोच. फायदा कुणाचा झाला ते बघा ना. गादी त्यांनाच मिळाली.

---

महालकर_गुरुजी

फायदा हा संशयाचा आधार होतो, पुराव्याचा नव्हे. आपलं दोघांचं यावर जमणार नाही, पण संहितेपुरता मार्ग आहे. तिसरीने मृत्यू सांगावा, आरोप सांगू नये. आरोप पाचव्याने सांगावा, कारण तो त्याच्या काळातला आहे. मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांना अटक झाली, तेव्हा. असं केलं की तिसरीने ठेवलेली एक गाठ पाचवा सोडतो, आणि मधल्या भागावरून एक धागा ओढला जातो. ऐकणाऱ्याला जाणवतं की पाचही जण एकच गोष्ट सांगत आहेत.

---

वऱ्हाडी_ठेचा

मांडणी म्हणून मान्य. मत म्हणून माझं तेच.

---

बर्डीची_मैना

सर, गटातही यावर दोन तट पडले आहेत. तुमची मांडणी वापरतो आणि प्रश्नोत्तरांत दोन्ही बाजू सांगतो.

काल सगळं बदलून तालीम घेतली. पहिले तीन सांधे खरंच सुटसुटीत झाले. चौथा ते पाचवा मात्र अडतोय. चौथा लढाई फार छान सांगतो: २६ ची रात्र, २७ ला सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली, कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाचा मैदानातला हल्ला, मग लहान टेकडी पुन्हा इंग्रजांकडे. तो म्हणतो “आणि दुपारपर्यंत लढाई संपली.” ऐकायला बसलेल्या मैत्रिणींनी इथेच टाळ्या वाजवल्या. पाचवी बिचारी टाळ्या थांबायची वाट बघत उभी. आणि मग तिचं सगळं शेपटासारखं वाटलं.

---

पडदा_वर

टाळी पडते ती वाक्याच्या अर्थापेक्षा सुरावर. ‘संपली’ म्हणताना त्याचा आवाज खाली उतरत असणार आणि तो थांबत असणार. उतरता सूर आणि विराम मिळाला की प्रेक्षक टाळी देणारच. शेवटचा शब्द वर ठेवायला सांगा, आणि पाचवीने विराम न घेता आत यायचं. बाकीच्या सांध्यांवर एक श्वास थांबायचं, इथे तेवढंही नाही.

---

महालकर_गुरुजी

सूर बदला आणि वाक्यही बदला. ‘लढाई संपली’ हे मुळात खरं नाही, वर लिहिलंच आहे. टेकड्यांचं संपलं, शहराचं नाही. असं करून बघा:

चौथा: “दुपारपर्यंत दोन्ही टेकड्या इंग्रजांच्या हातात होत्या. पण टेकडीवरून पूर्वेला पाहिलं की समोर शहर दिसत होतं, आणि शहर अजून...”

पाचवी: “...शहर अजून भोसल्यांचं होतं. तटाच्या आत अरब होते, आणि ते महिनाभर हटले नाहीत.”

अर्धवट वाक्य एकदाच वापरा, याच सांध्यावर. सगळीकडे वापरलं तर नाटकी होईल. पाचवीने पुढे डव्हटन, १६ डिसेंबर, अरबांची झुंज, आप्पासाहेबांची अटक आणि तो आरोप, मग वाटेतून त्यांचं निसटणं, महादेवाच्या डोंगरात आसरा, शेवटी १८४० मध्ये जोधपूरला मृत्यू एवढं घ्यावं. मग रघूजी दुसऱ्यांच्या मुलीचा मुलगा, रघूजी तिसरे, गादीवर. त्यांना मुलगा नव्हता, डिसेंबर १८५३ मध्ये ते गेले, आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. ‘किल्ला’ हा शब्द इथे पहिल्यांदा येतो: ज्या टेकडीसाठी हे सगळं झालं, तिच्यावर इंग्रजांनी किल्ला बांधला.

वेळ सारखी वाटू नका. तीन-तीन मिनिटं केली तर पहिला भाग रेंगाळेल आणि चौथा घाईत जाईल. पहिल्या दोघांना अडीच, तिसरी-चौथ्याला साडेतीन, पाचवीला अडीच. अर्धा मिनिट हाताशी राहतं.

---

मिहान_वाला

आणि कुणी जास्त वेळ घेतला तर? आमच्याकडे पहिले दोघं हमखास वाढवतात आणि शेवटच्याला पळावं लागतं.

---

महालकर_गुरुजी

प्रत्येकाने आपल्या भागात एक परिच्छेद पेन्सिलीने चौकटीत टाकायचा. उशीर होत असला की तो सोडायचा. पहिल्याचा चौकटीतला म्हणजे तट आणि जुम्मा तलाव, आजचा गांधीसागर. दुसऱ्याचा गाविलगड. चौथ्याचा रेसिडेन्सीच्या पलटणींची नावं. सांध्याची वाक्यं मात्र चौकटीत कधीच येऊ द्यायची नाहीत. घाई झाली की मुलं शेवट गाळतात, आणि शेवटातच पुढच्याची सुरुवात असते. उशीर झाला हे कळवायचं काम पाचवीचं. तिने समोर पहिल्या रांगेत बसून कोरा कागद उभा धरायचा, एवढी खूण पुरते.

---

धरमपेठ_कट्टा

ऐन दिवशी एखादा आलाच नाही तर? आमच्या वेळी असं झालं होतं, एकाला ताप आला आणि आम्ही चौथा भागच गाळला. पाचवा उभा राहिला तेव्हा कुणाला काही कळेना.

---

बर्डीची_मैना

हेच विचारणार होते. आमच्या दुसऱ्याच्या घरी लग्न आहे, तो येईल असं म्हणतोय पण खात्री नाही.

---

महालकर_गुरुजी

मग त्याच्या भागाचा एका मिनिटाचा सारांश पहिल्याने तयार ठेवावा. शेवट त्याला माहीत आहे, कारण तिसरीने लिहिलेली ती दोन वाक्यं सगळ्यांच्या कागदावर असतील. १८०३ चा पराभव, देवगावचा तह, रेसिडेंट, आणि तैनाती फौजेला रघूजी दुसऱ्यांचा शेवटपर्यंतचा नकार. या चार गोष्टी आल्या की तिसरी आपल्या पहिल्या वाक्यावर उभी राहू शकते. बाकी गेलं तरी चालेल. तो येवो न येवो, हा सारांश एकदा तालमीत मोठ्याने म्हणून घ्या.

---

संत्रा_बर्फी

हे सगळं वाचून मीही शिकलो. पण एक विचारतो मंडळी, पुढच्याचं नावच घ्यायचं नाही हे बरोबर वाटतं का? आपल्याकडे एवढा मान द्यायची रीत आहे. शिक्षकांना कोण बोलतंय तेही कळायला हवं, गुण वेगळे द्यायचे असतात.

---

पडदा_वर

नाव पडद्यावर द्या. प्रत्येक भागाच्या पहिल्या स्लाइडवर खालच्या कोपऱ्यात वक्त्याचं नाव. बोलण्यात नको.

---

महालकर_गुरुजी

मला बर्फी यांचं अगदीच चुकीचं वाटत नाही. परीक्षक मागे बसले असतील तर कोपऱ्यातलं नाव दिसत नाही. सुरुवातीला पहिल्याने क्रमाने नावं घ्यावीत आणि प्रत्येकाने तेव्हा जागेवर उभं राहावं, म्हणजे चेहरा लक्षात राहतो. मध्ये नाव घ्यायचंच असेल तर प्रश्नाच्या आधी घ्या, नंतर नको. प्रश्न आणि उत्तर यांच्यात नाव आलं की प्रश्न विरून जातो. पण तुमच्या विभागाची पद्धत काय आहे ते आधी विचारून घ्या, बेटा. काही ठिकाणी ‘स्वतःची ओळख’ याला वेगळे गुण असतात.

---

बर्डीची_मैना

विचारलं सर. मॅडम म्हणाल्या, ओळख प्रत्येकाने स्वतः द्यायची, पण कुठे द्यायची ते आमच्यावर. मग गटाने ठरवलं की पाचही जण सुरुवातीलाच ओळीने उभे राहून आपापलं नाव सांगणार, त्यानंतर चौघं बसणार आणि पहिला “१७०२” पासून सुरू करणार. दुसऱ्याने लग्नाचं कळवलंय, हळद आदल्या दिवशी आहे, तो सकाळी येतोय. तरी एका मिनिटाचा सारांश पहिल्याकडून म्हणून घेतला.

पाचवीचं शेवटचं वाक्य अजून ठरत नाहीये. ती म्हणते १८५४ वर थांबावं, चौथा म्हणतो किल्ल्यावर. तिच्यापुढे कुणी बोलणार नाही, मग तो सांधा कुणाशी जोडायचा यावरच गाडी अडली आहे.

---

पडदा_वर

तो सांधा प्रश्नोत्तरांशी जोडा. शेवटच्या वाक्याला बाकीचे चौघं उठून तिच्या शेजारी उभे राहू देत. मग वेगळं ‘काही प्रश्न असल्यास’ म्हणायची गरज उरत नाही, समोरच्याला दिसतंच.

---

वऱ्हाडी_ठेचा

आणि पहिला प्रश्न परसोजींवरच येणार, लिहून ठेवा. उत्तर कोण देणार ते आत्ताच ठरवा.

---

बर्डीची_मैना

तिसरी देईल. दोन्ही बाजू तिलाच नीट येतात.